कुरकुरीत, पण खवट

फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला पॅकेजिंग शिकवताना मी दर वर्षी एक लांबलचक प्रश्न काढते. मुलं त्याला ‘मॅडमचा चिवडा’ म्हणतात. प्रश्न मनाने रचलेला नाही. कॉलेजपासून तासाभरावर असलेल्या एका फरसाण कारखान्यात मला दोन दिवस बोलावलं होतं, तिथे जे पाहिलं तेच थोडं सरळ करून मी कागदावर उतरवलं. कारखान्याचं नाव इथे सांगणार नाही. मालक सज्जन होते, फक्त चूक शोधायला चुकीच्या जागी गेले होते. माझे विद्यार्थीही दर वर्षी तिथेच जातात, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

आधी प्रश्न जसाच्या तसा:

“एका कारखान्यात पातळ पोह्यांचा चिवडा २०० ग्रॅमच्या पाकिटात नायट्रोजन भरून पॅक करतात. लॅमिनेट तीन थरांचं आहे: बाहेर १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, मध्ये १२ मायक्रॉन मेटलाइज्ड पॉलिएस्टर, आत ५० मायक्रॉन पॉलिथिन. त्याचा ओटीआर १.५ घन सेंमी प्रति चौरस मीटर प्रति दिवस आहे. पाकिटाचं आतलं माप १८ × २४ सेंमी, आतला वायू ८०० मिली, पॅकिंगच्या वेळी उरलेला ऑक्सिजन २ टक्के. चिवड्यात तेल ३० टक्के. मुदत १२० दिवस. पाचव्या आठवड्यापासून ‘खवट लागतो’ अशा तक्रारी आल्या. त्यानंतर नव्या बॅचची १२ पाकिटं बाजूला ठेवून बाराव्या दिवशी आतला ऑक्सिजन मोजला. ७ पाकिटांत तो २ ते २.५ टक्के निघाला, ५ पाकिटांत १६ ते १८ टक्के. बाराही पाकिटं एकाच रोलची होती. त्यांतली काही थोडी मऊ पडलेली होती. चिवडा मात्र बाराही पाकिटांत कुरकुरीत होता. (अ) दोष कशात आहे ते आकडेमोड करून दाखवा. (आ) उपाय सुचवा. (इ) मालकांना याच लॅमिनेटात डाळिंबाचे सोललेले दाणे पॅक करायचे आहेत. त्यांना काय सांगाल?”

दहा मार्कांचा प्रश्न. ‘इ’ची आकडेवारी वेगळी देते, ती पुढे येईल.

साधारण साठ पेपर तपासले की पंचेचाळिसांत (अ)चं उत्तर एकच असतं: लॅमिनेटची ऑक्सिजन रोखण्याची क्षमता कमी पडली, ईव्हीओएच या ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर घालावा किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल वापरावी. मालकांचंही अगदी हेच म्हणणं होतं. त्यांनी फिल्म पुरवणाऱ्याशी भांडण काढलं होतं, दोन महिन्यांचं बिल अडवलं होतं आणि दुसऱ्याकडून फॉइलच्या लॅमिनेटचा भाव मागवून ठेवला होता.

फिल्मचा हिशोब

ओटीआर म्हणजे एक चौरस मीटर फिल्ममधून दिवसाला किती ऑक्सिजन पलीकडे जातो तो आकडा. तो मोजताना फिल्मच्या एका बाजूला शुद्ध ऑक्सिजन असतो आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजन. म्हणजे दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या दाबात पूर्ण एका अ‍ॅटमॉस्फिअरचा फरक असतो. दुकानातल्या पाकिटाबाहेर शुद्ध ऑक्सिजन नसतो, हवा असते आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के. आत २ टक्के धरला तर फरक उरतो ०.१९ अ‍ॅटमॉस्फिअर. निम्मा वर्ग इथेच घसरतो, कारण पुस्तकात ओटीआरच्या एककात ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ बऱ्याचदा छापलेलंच नसतं.

पाकिटाला दोन बाजू असतात, म्हणून क्षेत्रफळ ०.१८ × ०.२४ × २ = ०.०८६४ चौरस मीटर. दिवसाला आत येणारा ऑक्सिजन:

१.५ × ०.०८६४ × ०.१९ = ०.०२४६ मिली

१२० दिवसांत साधारण ३ मिली. चाचणी २३ अंशाला आणि कोरड्या हवेत होते, आपल्याकडची गोदामं मे महिन्यात ३५ अंशांच्या पुढे जातात. तेव्हा हवं तर आकडा दुप्पट धरा, ६ मिली.

आता हा आकडा २ टक्क्यांशेजारी ठेवून पाहा. ८०० मिलीचे २ टक्के म्हणजे १६ मिली ऑक्सिजन सील बसण्याच्या क्षणीच आत आहे. फिल्म चार महिन्यांत जेवढा ऑक्सिजन आत सोडते त्याच्या पाचपट पहिल्या सेकंदालाच आत असतो. मग ओटीआर १.५ वरून ०.५ वर आणायला मालकांनी जास्तीचे पैसे मोजले तर चार महिन्यांत वाचणार २ मिली. उरलेला ऑक्सिजन २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणला तर वाचतात ८ मिली, आणि त्याला फिल्म बदलावी लागत नाही.

जो विद्यार्थी ०.१९ ने गुणायला विसरतो त्याला १२० दिवसांचे १५.५ मिली मिळतात. तो आकडा १६ च्या इतका जवळ जातो की फिल्म गुन्हेगार आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. चूक गणितातली, पण निष्कर्ष कारखान्यातला. अशा उत्तराला मी अर्धे मार्क देते, कारण पुढची मांडणी निदान सुसंगत असते.

मिलीचं खवटपणात रूपांतर

‘३ मिली म्हणजे काहीच नाही’ असं म्हणून पुढे जाणारे हुशार विद्यार्थी एक पायरी गाळतात. ३ मिली कमी की जास्त हे तेल ठरवतं. ते कागदावर मांडता येतं, आणि मला या प्रश्नातला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे.

तेलातला असंतृप्त मेदाम्लाचा एक रेणू ऑक्सिजनचा एक रेणू घेऊन हायड्रोपेरॉक्साइड होतो. पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे पीव्ही, किलोभर तेलामागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये मोजतात आणि अशा एका रेणूचे दोन इक्विव्हॅलंट धरतात. खोलीच्या तापमानाला १ मिली ऑक्सिजन म्हणजे साधारण ०.०४१ मिलिमोल, म्हणजे ०.०८२ मिलिइक्विव्हॅलंट. पाकिटात तेल ६० ग्रॅम. भागाकार केला तर प्रत्येक मिली ऑक्सिजनमागे पीव्ही जास्तीत जास्त १.४ ने वाढू शकते.

फरसाणवाले बहुतेक १० च्या आसपास स्वतःसाठी रेघ ओढतात. म्हणजे ७ मिली ऑक्सिजन तेलात मुरला की ती रेघ गाठली. फिल्मचे ३ मिली म्हणजे पीव्हीत फार तर ४ ची भर. सुरुवातीचे १६ मिली म्हणजे, सगळे वापरले गेले तर, २२. ज्या ७ पाकिटांना आपण ‘चांगली’ म्हणतो तीही या हिशोबात पूर्ण सुरक्षित नाहीत. आणि हवा तशीच भरली असती तर १६८ मिली ऑक्सिजन, म्हणजे तेल नासवायला लागतो त्याच्या वीसपटीहून जास्त.

‘जास्तीत जास्त’ हा शब्द मात्र सोडायचा नाही. पेरॉक्साइड तयार होतात तसे फुटतातही, आणि खवट वास त्यांच्या फुटण्यातून निघणाऱ्या हेक्झॅनलसारख्या अल्डिहाइडांचा असतो. म्हणून जुन्या, चांगल्याच खवट झालेल्या चिवड्याची पीव्ही कधीकधी कमी भरते. नुसत्या पीव्हीवर विसंबून माल पास करणारा प्रयोगशाळेतला मुलगा मी पाहिला आहे. त्याच्यासमोरची वाटी नाकाशी नेली असती तर पुरलं असतं.

बारा पाकिटं

आता पाच बिघडलेली पाकिटं घ्या. ऑक्सिजन २ वरून १७ टक्क्यांवर गेला, म्हणजे ८०० मिलीच्या १५ टक्के, १२० मिली, बारा दिवसांत आत आला. दिवसाला १० मिली. फिल्ममधून येऊ शकतो ०.०२५ मिली. फरक चारशेपट.

एवढा ऑक्सिजन फिल्ममधूनच यायचा असेल तर, आत तो वाढेल तसा दाबाचा फरक घटत जातो हे धरून, तिचा ओटीआर हजार-बाराशे हवा. तो आकडा नुसत्या पातळ प्रिंटेड बीओपीपीच्या, म्हणजे ताणलेल्या पॉलिप्रॉपिलिन फिल्मच्या घरातला आहे. मेटलाइज्ड फिल्म घडीवर चुरगळली तर तिच्यावर बारीक चिरा पडतात आणि ओटीआर वाढतो हे खरं. पण दीडचा पाच होईल, दहा होईल. खाली १२ मायक्रॉन पॉलिएस्टर तसाच असतो आणि नुसत्या पॉलिएस्टरचा ओटीआरसुद्धा शंभर-सव्वाशेच्या पुढे जात नाही. लॅमिनेटचा धातू खरवडून काढला तरी हजार येत नाही.

गणित न करताही उत्तर मिळावं म्हणून प्रश्नात एक वाक्य मुद्दाम ठेवलं आहे: बाराही पाकिटं एकाच रोलची. फिल्म वाईट असती तर बारांपैकी बारा पाकिटांत ऑक्सिजन थोडा थोडा आणि जवळपास सारखाच वाढला असता. इथे सात अगदी जागच्या जागी आहेत आणि पाच वाहून गेली आहेत, मधलं एकही नाही. असं विभाजन दिसलं की आधी सील तपासायचं. साठ पेपरांत हे वाक्य वापरणारे चार-पाच असतात. ‘काही थोडी मऊ पडलेली’ हे शब्द वापरणारे त्याहून कमी. फुगवून भरलेलं पाकीट आठवड्यात मऊ पडलं तर आतला वायू कुठून तरी बाहेर गेला आहे, आणि ज्या वाटेने नायट्रोजन बाहेर गेला त्याच वाटेने हवा आत आली.

मालकांकडे याला एक तयार उत्तर होतं, आणि ते ऐकायला फार बिनतोड वाटतं. ते म्हणाले, “मॅडम, सील गळत असतं तर जुलैच्या हवेत चिवडा मऊ झाला असता. हा बघा, कसा वाजतोय.” त्यांनी मूठभर चिवडा माझ्या हातावर ओतला. खरंच कुरकुरीत होता. आणि खवट होता.

परत येताना एसटीत मी या वाक्याचा हिशोब मांडला. पावसाळ्यात २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तरी हवेत पाण्याची वाफ तीन टक्क्यांहून कमी असते, ऑक्सिजन २१ टक्के. ऑक्सिजन आत साठतो तसा त्याचा फरक घटतो, वाफ चिवडा शोषत राहतो म्हणून तिचा तेवढा घटत नाही. हे धरलं तरी ज्या फटीतून बारा दिवसांत १२० मिली ऑक्सिजन येतो तिच्यातून वाफ येते पंचवीस-तीस मिली. वाफेचे मिली ऐकायला बरेच वाटतात, पण त्यांचं पाणी होतं वीसेक मिलिग्रॅम. हात लावताना पाकीट दाबलं-सोडलं जातं, त्यामुळे जास्तीची हवा जाते-येते म्हणून दुप्पट धरा. २०० ग्रॅम चिवड्यात ४० मिलिग्रॅम पाणी म्हणजे ०.०२ टक्का. चिवडा मऊ लागायला ओलावा एक-दोन टक्क्यांनी वाढावा लागतो, म्हणजे दोन ते चार ग्रॅम पाणी. म्हणून तीच फट तेल पाच आठवड्यांत नासवते आणि पोह्यांना धक्काही लावत नाही. सादळला नाही म्हणजे सील ठीक, हा आपल्या घरच्या डब्याचा नियम. डब्याचं झाकण सताड उघडं राहतं तेव्हा तो खरा असतो.

फट सापडली तेव्हा

दुसऱ्या दिवशी पाकिटातल्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा हेडस्पेस अ‍ॅनालायझर घेऊन गेले. पाकिटावर रबराची चिकटपट्टी लावायची, तिच्यातून सुई आत घालायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. पट्टी लावली नाही तर सुईच्या कडेने हवा शिरते आणि चांगलं पाकीटही वाईट ठरतं. १७.२ दाखवणारं एक पाकीट निवडलं, सुईच्या भोकावर टेप लावला आणि बादलीतल्या पाण्यात धरून दोन्ही हातांनी दाबलं. वरच्या सीलच्या बरोबर मध्यातून बुडबुड्यांची एक बारीक माळ निघाली.

कॉलर मशीनवर पाकीट कसं बनतं ते ज्याने पाहिलं आहे त्याला ही जागा ओळखीची वाटेल. रोल नळकांड्याभोवती गुंडाळला जातो, मागे उभं सील बसतं, मग आडवा जॉ, म्हणजे तापलेला जबडा, वरचं आणि खालचं सील एकदम मारतो. उभं सील जिथे आडव्याला मिळतं तिथे फिल्मचे दोनऐवजी चार थर येतात. जॉ चार थरांवर टेकतो आणि त्याच्या शेजारी, दोनाचे चार होतात त्या पायरीवर, दाब कमी पडतो. आतलं पॉलिथिन वितळून ती पायरी भरून काढायला हवं. तिथे काही अडकलं तर भरत नाही.

मी सील कात्रीने आडवं कापलं आणि बोटांनी सोललं. आत हळदीने पिवळा झालेला चुरा होता, आणि त्या पायरीवर कढीपत्त्याच्या पानाची तळलेली शीर. केसाहून जाड, सुतळीहून बारीक, आतून बाहेर आडवी पडलेली. पॉलिथिन तिच्या दोन्ही बाजूंना चिकटलं होतं, तिच्या अंगाला नाही. म्हणजे सीलमधून आरपार एक बोगदा तयार झाला होता. उरलेल्या चारांपैकी दोन पाकिटांत नुसता पोह्यांचा चुरा, एकात शेंगदाण्याचं साल, एकात मला काहीच सापडलं नाही.

पण कढीपत्ता तर वर्षानुवर्षं चिवड्यात आहे. तक्रारी या वर्षीच का? याचं उत्तर मशीनवाल्या पोऱ्याने दिलं, मालकांनी नाही. आधी उरलेला ऑक्सिजन ४-५ टक्के यायचा. मालकांनी कुठेतरी वाचलं की तो २ टक्क्यांखाली हवा, म्हणून मार्चमध्ये नायट्रोजनचा नॉब वाढवला. हेतू बरोबर होता. वरचा हिशोब पाहिला तर २ टक्केसुद्धा जास्तच आहेत. पण नायट्रोजनची नळी नळकांड्याच्या आतून खाली येते, तिचा झोत पाकिटाच्या तळाला आदळून वर फिरतो आणि चिवड्यातला सगळ्यात हलका भाग सोबत उचलतो. जॉ मिटतो त्या क्षणी चुरा आणि पानाचे तुकडे बरोबर सीलच्या पट्ट्यात तरंगत असतात. ऑक्सिजन कमी करायला जे केलं त्यानेच पाचापैकी दोन पाकिटांत ऑक्सिजनला दार उघडून दिलं.

प्रश्नपत्रिकेत मी हा नॉब देत नाही. दिला तर (अ) फार सोपा होतो. पण (आ)मध्ये ‘झोताने चुरा उडत असेल का ते पाहावं’ असं कोणी लिहिलं तर मी पेपरच्या समासात चांदणी काढते.

उपाय, आणि ईव्हीओएच का नाही

कारखान्यात केलेले बदल कमी खर्चाचे होते. तराजूच्या आधी एक चाळण बसवली आणि चुरा वेगळा काढला. नायट्रोजनच्या नळीचं तोंड रुंद केलं, म्हणजे तेवढाच वायू कमी वेगाने येतो आणि झोत होत नाही. माल पडल्यावर जॉ मिटण्याआधी अर्ध्या सेकंदाचा थांबा दिला, त्याने मिनिटाला पडणारी पाकिटं कमी झाली आणि त्यावरून थोडी कुरकुर झाली. पुढच्या रोलला आतला थर साध्या पॉलिथिनऐवजी मेटॅलोसिन प्रकारच्या पॉलिथिनचा मागवला. तो कमी तापमानाला वितळतो आणि बारीकसारीक कचऱ्याभोवती वाहून जाऊन त्याला वेढून टाकतो. पानाच्या शिरेवर त्याचाही इलाज चालत नाही, ती चाळणीनेच अडवावी लागते. आणि दर तासाला पाच पाकिटं बादलीत दाबून पाहायची, हा नियम भिंतीवर लावला. बादलीत न दिसणाऱ्या अगदी बारीक गळतीसाठी पाण्याखाली निर्वात करणारं भांडं मिळतं. ते त्यांनी अजून घेतलेलं नाही.

ईव्हीओएच सुचवणाऱ्यांबद्दल थोडं. तो थर कोरडा असताना ऑक्सिजन फार छान अडवतो, पण पाणी शोषतो. आर्द्रता ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की त्याच्या साखळ्या सैल होतात आणि ओटीआर कित्येक पट वाढतो. म्हणून त्याला पॉलिथिनसारख्या, ओलावा न शोषणाऱ्या दोन थरांमध्ये कोंडून ठेवतात. रत्नागिरीत आणि गोव्यात जुलैमध्ये दुकानात टांगलेल्या पाकिटासाठी निवडताना कोरड्या हवेत मोजलेला आकडा पाहून भुलायचं नाही. मेटलाइज्ड पॉलिएस्टरला ही तक्रार नाही, शिवाय तो प्रकाश अडवतो आणि वाफही. चिवड्याला तोच ठीक होता. आणि या प्रकरणात ईव्हीओएचच काय, काच वापरली असती तरी सील तेच राहिलं असतं.

डाळिंबाचे दाणे

(इ)मध्ये मी एवढं देते: १५० ग्रॅम दाणे, तापमान ५ अंश, दाण्यांचं श्वसन किलोमागे तासाला ३ मिली ऑक्सिजन, पाकिटाचं क्षेत्रफळ ०.०४ चौरस मीटर, आत २०० मिली साधी हवा, आणि आत ५ टक्के ऑक्सिजन टिकून राहावा अशी अपेक्षा.

चिवडा मेलेला आहे, दाणे जिवंत आहेत. सगळा फरक यातच आला. पण ‘फळ श्वास घेतं’ एवढं लिहून थांबणाऱ्यांना दोनच मार्क मिळतात. पुढे मांडा. १५० ग्रॅम दाणे तासाला ०.४५ मिली, दिवसाला १०.८ मिली ऑक्सिजन वापरतात. आत आहे २०० मिलीच्या २१ टक्के, ४२ मिली. चिवड्याच्या लॅमिनेटमधून दिवसाला येणार जेमतेम ०.०१३ मिली. म्हणजे चौथ्या दिवशी ऑक्सिजन संपला. ऑक्सिजन कमी होतो तसा श्वसनाचा वेगही उतरतो, तेव्हा पाचवा दिवस म्हणा. मग दाणे ऑक्सिजनविना साखर मोडायला लागतात, अल्कोहोल तयार होतं, कार्बन डायऑक्साइडला बाहेर जायला वाट नसते, पाकीट फुगतं, आणि उघडल्यावर आंबलेल्या रसाचा वास येतो.

ऑक्सिजन ५ टक्क्यांवर स्थिर राहायचा तर जेवढा खर्च तेवढीच आवक हवी. दाबाचा फरक ०.२१ मधून ०.०५ वजा, ०.१६.

१०.८ ÷ (०.०४ × ०.१६) ≈ १६९०

म्हणजे सतराशेच्या आसपास ओटीआर, आणि तोही ५ अंशाला मोजलेला. पुरवठादार २३ अंशाचा आकडा देतो आणि थंडीत तो बराच उतरतो, म्हणून त्याच्या कागदावर याहून पुष्कळ मोठा आकडा दिसायला हवा. पातळ पॉलिथिन, नाहीतर लेसरने बारीक छिद्रं पाडलेली बीओपीपी. दोघांत एक फरक आहे. पॉलिथिनमधून कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या तीन-चारपट वेगाने निघून जातो, छिद्रांतून दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने जातात. छिद्रांच्या फिल्ममध्ये त्यामुळे कार्बन डायऑक्साइड बराच साठतो. तो बुरशीला आवर घालतो, फार झाला तर दाण्यांची चव बिघडवतो.

खरी अडचण गणिताच्या बाहेर आहे, आणि ती लिहिणाऱ्याला मी पूर्ण मार्क देते. दुकानातला फ्रीज ५ अंशांवरून १५ वर गेला तर दाण्यांचं श्वसन दोन-तीनपट होतं, फिल्मचा ओटीआर तेवढा वाढत नाही. ५ अंशांसाठी अचूक निवडलेली फिल्म १५ अंशांना दाण्यांचा श्वास कोंडते. फिल्म निवडताना म्हणून आधी विचारायचं की माल कुठल्या फ्रीजमध्ये जाणार आहे.

एक सवय मात्र मोडायला हवी. ऑक्सिजन संपला असं दिसलं की मुलं पाठ केल्यासारखं ‘क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम वाढेल’ असं लिहितात. तो जंतू ४.६ पीएचच्या खाली वाढत नाही आणि डाळिंबाचा दाणा त्याहून पुष्कळ आंबट असतो. ती भीती बंद पाकिटातल्या मशरूमला लागू आहे.

मागच्या वर्षी एका मुलीने (इ)च्या शेवटी पेन्सिलने एक ओळ लिहिली होती: “चिवड्याच्या गळक्या पाकिटातून दिवसाला १० मिली ऑक्सिजन आत येतो आणि दाण्यांना दिवसाला १०.८ मिली लागतो, मग ती पाच पाकिटं दाण्यांसाठी चालतील का?” आकडे जवळजवळ येतील अशी प्रश्नाची मांडणी मी केली होती, पण ते कोणी शेजारी ठेवून पाहील असं वाटलं नव्हतं. चालणार नाहीत, कारण कुठल्या पाकिटाला फट आहे आणि किती मोठी, हे पानाची शीर ठरवते. शिवाय ते १० मिली आत जवळजवळ ऑक्सिजन नसताना सुरू झाले आणि १७ टक्क्यांपर्यंत पोचले, त्यांची बारा दिवसांची सरासरी आहे ती. ५ टक्क्यांवर धरलं तर त्याच फटीतून दिवसाला सोळा-सतरा मिली येतील. लेसरने छिद्र पाडणारा हेच काम मापात करतो. समासात मी ‘छिद्राचं माप कोण देणार?’ एवढंच लिहिलं आणि एक मार्क वाढवला. पुनर्तपासणीला तो टिकणार नाही, कारण मॉडेल आन्सरमध्ये तो मुद्दाच नाही.

कारखान्यातून शेवटचा फोन दिवाळीनंतर आला. बारांपैकी बारा पाकिटं १.१ ते १.४ टक्क्यांवर होती. फिल्मवाल्याचं अडवलेलं बिल दिलं का, असं मी विचारलं. निम्मं दिलं, म्हणाले.